अडतीस टक्क्यांवर मेलेला फोन

मागच्या शनिवारी लिहायचं राहून गेलं, त्यामुळे आज जरा ऐसपैस लिहितोय. चहाचा कप भरून घ्या.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला जानेवारीत मिनियापोलिसला ऑनसाईट पाठवलं होतं. जानेवारीत मिनियापोलिसला कोण जातं? ज्याला कुणी विचारत नाही तो जातो. तर झालं असं की एका संध्याकाळी मी बसस्टॉपवर उभा होतो. तापमान उणे अठरा. बस कुठे पोचली ते बघायला हातमोजा काढून फोन बाहेर काढला. बॅटरी अडतीस टक्के. नकाशा उघडला, स्क्रीन क्षणभर उजळली आणि फोन ठप्प. बटण दाबून धरलं तर रिकाम्या बॅटरीचं चित्र दाखवून पुन्हा बंद.

घरी पोचून फोन चार्जरला लावला. दोन मिनिटांत चालू झाला आणि आकडा दिसला सदतीस टक्के! म्हणजे चार्ज कुठेही गेला नव्हता. माझा रूममेट पक्का नागपूरकर. तो म्हणाला, "हातात धरून चालला होतास का बे? आतल्या खिशात ठेवत जा ना." उपाय बरोबर होता. पण चार्ज शिल्लक असताना फोन मरतोच कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग शोधत शोधत मी एका जुन्या प्रकरणापाशी येऊन पोचलो. २०१६ ते २०२० या काळात जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फोनच्या बाबतीत अगदी हेच घडलं होतं, आणि त्यातून जे निघालं ते बॅटरीपेक्षा आपल्या, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या, धंद्याबद्दल जास्त होतं. आजचा लेख त्यावर.

आधी थोडं विज्ञान

(इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल लक्ष देऊन शिकलेल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. मी तेव्हा मागच्या बाकावर होतो.)

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. बोअरचं पाणी वापरून वापरून पाइपात क्षार साचलेत. टाकी अर्धी भरलेली आहे. एक नळ बारीक सोडला तर पाणी नीट येतं. पण शॉवर, वॉशिंग मशीन आणि स्वयंपाकघरातला नळ एकदम सुरू केले की धार करंगळीएवढी होते. टाकीत पाणी नाही असं नाही, ते लागेल त्या वेगाने खाली येत नाही एवढंच. फोनवरचे टक्के म्हणजे टाकीतली पातळी. पाइपाबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

बॅटरीत या पाइपाच्या जागी असतो अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीचा स्वतःचा रेझिस्टन्स. फोनला प्रत्यक्षात मिळणारा व्होल्टेज असा:

```
V = E - I * R
```

E म्हणजे बॅटरीवर काहीच भार नसतानाचा व्होल्टेज, I म्हणजे फोन ओढतोय तो करंट आणि R हा अंतर्गत रोध. आता सोयीसाठी गोल आकडे घेऊन हिशोब करू. चाळीसेक टक्क्यांवर E धरा ३.७५ व्होल्ट. प्रोसेसर, स्क्रीन आणि मोबाइल डेटा एकदम जागे झाले की क्षणभर २ अँपिअर ओढले जातात असं समजू. आणि ३.१ व्होल्टच्या खाली गेलं की फोनमधली वीज सांभाळणारी चिप सगळं बंद करते असं धरू.

बॅटरी नवी असेल तर R साधारण ०.१ ओहम. घट झाली ०.२ व्होल्ट, फोनला मिळाले ३.५५. मजेत.

बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर R दुप्पट, ०.२ ओहम. फोनला मिळाले ३.३५. अजूनही चालतंय.

बॅटरी नवी पण बाहेर कडाक्याची थंडी. थंडीनेही R वाढतो. तोही दुप्पट धरला तरी उत्तर तेच, ३.३५. चालतंय.

आता जुनी बॅटरी आणि वर थंडी. R झाला ०.४ ओहम, घट ०.८ व्होल्ट, फोनला मिळाले २.९५. संपला विषय. टाकी अर्धी भरलेली आणि फोन बंद.

माझ्या बसस्टॉपवर हेच झालं होतं. एकट्या म्हातारपणाने फोन पडला नसता, एकट्या थंडीनेही नाही. दोघं एकत्र आले आणि त्यात मी नकाशा उघडून शेवटची काडी टाकली.

हे दोन दोष मात्र वेगळ्या जातीचे आहेत. थंडीत बॅटरीच्या आतला द्रव दाट होतो आणि लिथियमचे आयन हळू सरकतात. फोन उबेत आला की सगळं पूर्ववत. वयाचं तसं नाही. प्रत्येक चार्ज-डिस्चार्जबरोबर आतल्या ग्राफाइटवर एक पातळ थर साचत जातो, पाइपातल्या क्षारासारखाच. तो थर लिथियमही खातो आणि वाटही अडवतो. उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज या दोन्हींनी तो लवकर वाढतो. हा थर पुन्हा निघत नाही. (कुणी 'बॅटरी कॅलिब्रेट' करून रोध कमी होतो असं सांगितलं तर हसून विषय बदला. त्याने फार तर टक्क्यांचा अंदाज सुधारतो.)

२०१६ : बंद पडणारे फोन

आता मूळ गोष्टीकडे. ॲपलचा आयफोन ६ एस बाजारात आला सप्टेंबर २०१५ मध्ये. वर्षभराने, २०१६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तक्रारी यायला लागल्या, की तीस-चाळीस टक्के बॅटरी असताना फोन अचानक बंद पडतो आणि चार्जर लावल्याशिवाय सुरू होत नाही. चीनमधल्या ग्राहक संघटनेने नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीकडे जाहीरपणे खुलासा मागितला.

ॲपलचं पहिलं उत्तर असं होतं, की सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेल्या थोड्याच ६ एस फोनांमध्ये बॅटरीचा एक भाग जोडणीआधी ठरल्यापेक्षा जास्त वेळ हवेत राहिला, त्यामुळे त्या बॅटऱ्या लवकर थकल्या. त्या फुकट बदलून देऊ. हे खरंच असावं, पण पुरेसं नव्हतं. कारण त्या दोन महिन्यांत न बनलेले फोनही बंद पडत होते, आणि त्याआधीचा आयफोन ६ सुद्धा. म्हणजे एका सदोष घाण्यापुरता हा मामला नव्हता. वर केलेला हिशोब तिथे मोठ्या प्रमाणावर घडत होता. प्रोसेसर क्षणभर जेवढा करंट मागत होता तेवढा थकलेली बॅटरी देऊ शकत नव्हती.

मग २३ जानेवारी २०१७ रोजी आयओएस १०.२.१ आली. महिन्याभराने कंपनीने पत्रकारांना सांगितलं, की या अपडेटमुळे ६ एस मधलं अचानक बंद पडणं ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी झालं आणि आयफोन ६ मध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त. शिवाय तरीही बंद पडलाच तर आता तो चार्जरशिवाय सुरू होईल.

वा! टाळ्या. पण इथे आपल्यातल्या इंजिनिअरला खटकायला हवं होतं. सॉफ्टवेअर अपडेटने बॅटरीवरचा थर खरवडला जात नाही. R तेवढाच आहे, E तेवढाच आहे. मग समीकरणात बदलायला उरलं काय? फक्त I. म्हणजे फोन कमी करंट ओढायला लागला. आणि कमी करंट ओढायचा तर प्रोसेसरला हळू चालवावं लागतं.

हे कंपनीने तेव्हा सांगितलं नाही. आणि गंमत म्हणजे आम्ही कोणी विचारलंही नाही.

२०१७ : एका आलेखाने फोडलेलं गुपित

डिसेंबर २०१७ मध्ये रेडिटवर एकाने लिहिलं, की माझा ६ एस फार मंद झाला होता. गीकबेंच या चाचणीत एका कोअरचा गुण १४६६ येत होता. बॅटरी बदलली आणि तोच गुण २५२६ झाला. नुसती बॅटरी बदलून!

एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे खरं. पण ही गोष्ट वाचली जॉन पूल यांनी. गीकबेंच बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्जचे ते संस्थापक. लोकांनी आपापल्या फोनवर केलेल्या चाचण्यांचा ढिगारा त्यांच्याकडे आपसूक जमा होत होता. त्यांनी एक साधी गोष्ट केली. सगळे ६ एस घेतले, आयओएसच्या आवृत्तीप्रमाणे वेगळे केले आणि कोणता गुण किती वेळा येतो याचा आलेख काढला. १८ डिसेंबरला तो प्रसिद्ध केला.

आयओएस १०.२ वर एकच उंच शिखर होतं, साधारण २५०० च्या आसपास. अपेक्षितच. एकाच जातीचे फोन, एकाच वेगाचे.

आयओएस १०.२.१ वर मोठं शिखर तिथेच, पण डावीकडे, कमी गुणांच्या बाजूला, आणखी काही छोटी शिखरं उगवली. आणि ११.२ वर ती छोटी शिखरं जास्तच ठळक झाली.

या आलेखात खरी मेख शिखरांच्या आकारात आहे. बॅटऱ्या नैसर्गिकरीत्या म्हाताऱ्या होऊन फोन मंद होत असते, तर मोठं शिखर डावीकडे पसरलं असतं, उतरत्या टेकडीसारखं. कारण म्हातारपण सगळ्यांना वेगवेगळ्या प्रमाणात येतं. सुटी सुटी टोकदार शिखरं येतात म्हणजे कुणीतरी वेगाच्या ठराविक पायऱ्या आखून दिल्यात आणि काही फोनांना त्या पायऱ्यांवर बसवलंय. आणि या पायऱ्या एका विशिष्ट आवृत्तीपासूनच दिसतात. म्हणजे हे निसर्गाने केलेलं नाही, कोडने केलेलं आहे. सोर्स कोड न पाहता, फोन न उघडता, केवळ बाहेरून आलेल्या आकड्यांवरून पूल यांनी कोडमधली एक अट शोधून काढली. मला तर हे डिटेक्टिव्ह कथेपेक्षा भारी वाटतं.

दोन दिवसांत, २० डिसेंबरला, ॲपलने मान्य केलं. थंडी, कमी चार्ज किंवा वय यामुळे बॅटरी पुरेसा करंट देऊ शकत नसेल तेव्हा फोन बंद पडू नये म्हणून क्षणिक मागणीचं टोक आम्ही छाटतो. आधी ६, ६ एस आणि एसई मध्ये हे केलं, आता आयफोन ७ मध्येही करतोय. २८ डिसेंबरला जाहीर माफीपत्र आलं आणि आयफोन ६ व पुढच्या फोनांची बॅटरी बदलण्याची किंमत अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणली गेली, २०१८ अखेरपर्यंत.

मग चूक कुठे झाली?

तेव्हा सगळीकडे एकच ओरड होती, की नवे फोन खपावेत म्हणून जुने मुद्दाम मंद केले. मीही तेव्हा कॉलेजच्या कँटीनमध्ये हेच तावातावाने बोललो होतो. आता नोकरीत चार पावसाळे काढल्यावर मला ते तितकं सरळ वाटत नाही.

तांत्रिक निर्णय म्हणून विचार करा. तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक, फोन पूर्ण वेगाने चालेल आणि कधीतरी रस्त्यात, थंडीत, नेमका फोन लावायच्या वेळी मरेल. दोन, फोन थोडा हळू चालेल पण चालू राहील. उणे अठरात बसस्टॉपवर उभा राहिलेला मी दुसराच पर्याय निवडेन, डोळे झाकून. तो उपाय चांगलाच होता.

चूक पुढे होती. फोन बंद पडणं हे लक्षण असं आहे की ते बघून माणूस म्हणतो, बॅटरी गेली वाटतं. फोन मंद होणं बघून माणूस म्हणतो, फोन जुना झाला, आता नवा घेऊ. उपायाने लक्षण बदललं आणि लक्षण बदलल्यामुळे रोगाचं नावच बदललं. ज्याला स्वस्तात बॅटरी बदलून भागलं असतं तो नवा फोन घ्यायला दुकानात गेला. त्याला खोटं कुणी सांगितलं नाही. फक्त खरं सांगितलं नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण खात्याने अडीच कोटी युरोचा दंड लावला तो नेमका याच मुद्द्यावर, अपडेटने फोन मंद होऊ शकतो हे ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. त्याच वर्षी अमेरिकेत ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात कंपनीने पन्नास कोटी डॉलरपर्यंत देण्याची तडजोड केली, गैरकृत्य मान्य न करता.

हे वाचताना मला माझाच एक कमिट आठवला. एका क्लायंटचा जुना सर्व्हर भाराखाली पडायचा म्हणून मी रिक्वेस्ट थोड्या रोखून धरणारी चार ओळींची सोय घातली होती. सर्व्हर पडायचा थांबला, टीममध्ये कौतुक झालं. रिलीज नोटमध्ये मी लिहिलं 'स्थैर्यात सुधारणा'. तीन महिन्यांनी कळलं की त्यांच्या लोकांनी 'नेटवर्क स्लो आहे' म्हणून नवे राउटर बसवून घेतले होते. चार ओळींच्या कोडला पाचवी ओळ हवी होती, लॉगमध्ये एक वाक्य. असो. त्या दिवसापासून कँटीनमधला तावातावाचा सूर जरा उतरला.

तुमच्या फोनचं काय?

या प्रकरणाची एक चांगली निष्पत्ती म्हणजे मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर आलेलं `Battery Health` हे पान. ते `Settings` मध्ये `Battery` खाली असतं. त्यात `Maximum Capacity` म्हणजे टाकीचा आकार नव्याच्या तुलनेत किती उरला, आणि त्याच्याजवळ फोन पूर्ण वेगाने चालतोय की अचानक बंद पडल्यामुळे वेग आवरलाय याचं वाक्य. वेग आवरणं आता एकदा फोन असा पडल्यानंतरच सुरू होतं आणि ते बंदही करता येतं. हवी होती ती पाचवी ओळ हीच!

इथे एक खबरदारी. टाकीचा आकार आणि पाइपाची रुंदी या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे पंच्याऐंशी टक्के क्षमता दाखवणारा फोनही अचानक पडू शकतो. नुसत्या आकड्यावर न जाता ते वाक्य वाचा.

माझा फोन अँड्रॉइडचा. पुण्याला परत आल्यावर तोच फोन डिसेंबरात व्हिडिओ काढताना बावीस टक्क्यांवर बंद पडला. खोलीत चोवीस अंश होते, म्हणजे थंडीवर ढकलायची सोय संपली. मग मी लॅपटॉपवरून बघितलं:

```
adb shell dumpsys battery
```

फोन आधी केबलने जोडला होता आणि आकडे फारच छान येत होते. थोड्या वेळाने ट्यूब पेटली की केबलने फोन चार्ज होतोय! मग वायफायवरून जोडला. फोन नुसता पडून असताना:

```
  health: 2
  level: 41
  voltage: 3731
  temperature: 241
```

व्होल्टेज हजारांश व्होल्टमध्ये आणि तापमान अंशाच्या दहाव्या भागात असतं, म्हणजे ३.७३ व्होल्ट आणि २४.१ अंश. मग टॉर्च लावला, स्क्रीन पूर्ण उजळ केली, मोबाइल डेटावर एक जड गेम चालू केला आणि तीच आज्ञा पुन्हा पुन्हा दिली. व्होल्टेज ३.३६ पर्यंत घसरला. टक्के अजून चाळीस. भार काढल्यावर मिनिटभरात पुन्हा ३.७ च्या वर. हे घसरणं आणि सावरणं म्हणजेच वाढलेला रोध. शिवाय हे आकडे काही सेकंदांनी एकदा घेतलेले. खरा खड्डा हजारांश सेकंदाचा असतो आणि तो याहून खोल असणार. बॅटरी नवी असलेल्या मित्राच्या त्याच मॉडेलवर हीच चाचणी केली तर घट याच्या निम्मी सुद्धा नव्हती.

आणि `health: 2` बघून फसू नका. त्याचा अर्थ 'ठीक' असाच आहे, पण तो म्हातारपण मोजत नाही. बॅटरी आत्ता फार तापलेली किंवा फार गार नाही ना, एवढंच बहुतेक फोनांत त्यातून कळतं. काही नव्या फोनांत आता सेटिंग्जमध्येच बॅटरीच्या तब्येतीचं पान मिळतं, ते असेल तर आधी तेच बघा.

मी बॅटरी बदलून घेतली. खर्च नव्या फोनच्या दहाव्या भागाहून कमी आला. तोच फोन आता साताऱ्याला बाबांकडे आहे आणि एकदाही अर्ध्यात गेलेला नाही.

थंडीच्या गावी जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि थंडीत बंद पडलाच तर घरी येऊन लगेच चार्जरला लावू नका (मी लावला होता, तुम्ही नका लावू). आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. शून्याखाली गेलेली बॅटरी चार्ज करताना लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता वरच धातू होऊन साचू शकतं, आणि ते नुकसान कायमचं.

गेल्या वर्षी, म्हणजे २० जून २०२५ पासून, युरोपीय संघात विकायच्या नव्या फोनांना नियमच आहे, की आठशे वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावरही बॅटरीत ऐंशी टक्के क्षमता उरली पाहिजे. क्षमता, म्हणजे पुन्हा टाकीचाच आकार. पाइपाकडे लक्ष आपल्यालाच ठेवायचंय.

चहा संपला असेल. पुढच्या शनिवारी भेटू.